ब्लाऊजचं माप: खर्च कुठे वाढतो आणि कुठे वाचतो

माप घेण्याचे वेगळे पैसे बहुतेक टेलर लावत नाहीत, म्हणून ते दोन मिनिटांत उरकलं जातं. किंमत नंतर मोजावी लागते. शहरातल्या साध्या दुकानात अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई आज साधारण 400 ते 800 रुपये धरा. फिटिंग दुरुस्तीचे 50 ते 150 वेगळे. भाग आणि दुकानाप्रमाणे हे आकडे बरेच हलतात. पण आरीकाम करून घेणार असाल, तर हिशेबच बदलतो. गळ्याची आणि बाहीची रेषा आधी कापडावर आखून त्यावर काम होतं, मग शिवण. कामाचेच हजारो रुपये झालेले असताना खांदा पाऊण इंच चुकला, तर तो उसवून सरकवता येत नाही.

बहुतेकजणी मापाला जुना ब्लाऊज देतात. तो जर मागून वर चढत असेल, तर नवाही चढणारच. तेव्हा अंगावरून माप द्या, जुना ब्लाऊज फक्त गळा आणि बाहीची आवड दाखवायला. आत रोजची, नेहमी ब्लाऊजखाली घालता तीच ब्रा असू द्या. टेप लागला की आपण आपोआप ताठ होतो आणि मान खाली घालून आकडा बघतो. तेवढ्याने पाठीची लांबी बदलते. चांगला टेलर बोलता बोलता, समोर बघायला सांगून माप घेतो.

त्याआधी तो एकदा बाजूने आणि एकदा मागून नजर टाकतो. हे होत नसेल तर आपणच सांगावं: पाठीला पोक आहे, एक खांदा खाली आहे. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर पर्स अडकवणाऱ्यांनी तर नक्की तपासून घ्यावं.

एक उदाहरण घेऊ. छाती 36, पाठीला किंचित पोक. जुना ब्लाऊज पुढून-मागून 14 इंच उंचीचा. तक्रार अशी, की हात पुढे केला की मागची पट्टी वर जाते, खांदे मागे सरकतात आणि पुढचा गळा घशाशी येतो. ब्लाऊज जिथे संपायला हवा तिथे अंगाभोवती इलॅस्टिक आडवं, सरळ बांधलं. मानेलगतच्या खांद्यावरून पुढे छातीवरून मोजलं तर 14, मागे पाठीवरून साडेचौदा. हा अर्धा इंच खालच्या पट्टीला जोडून उपयोग नाही. पट्टी लोंबेल, ओढ तशीच राहील. तो पाठीच्या वरच्या भागात, मुंढ्याच्या पातळीत वाढवावा लागतो, कारण पोक तिथे आहे.

मग त्याच इलॅस्टिकपर्यंत दोन्ही खांद्यांच्या टोकांपासून सरळ खाली मोजलं. डावीकडे जितकं भरलं त्यापेक्षा उजवीकडे अर्धा इंच कमी, म्हणजे उजवा खांदा उतरता. त्या बाजूला मानेपासून मुंढ्याकडे तिरकी चुणी पडत होती ती यामुळेच. कापताना उजव्या खांद्याचं टोक अर्धा इंच खाली घ्यायचं आणि मुंढाही तेवढाच खाली. नुसता खांदा उतरवला तर काखेत दाटतं. कापड घडी घालून दोन्ही बाजू एकदम कापणाऱ्याकडून हे नेमकं राहून जातं.

आता टेलरची मापांची वही. तिथे सगळ्यात महाग पडणारी गफलत म्हणजे नुसतं ‘छाती 36’ लिहिणं. हे अंगाचं माप की तयार ब्लाऊजचं? अंगाच्या 36 वर सैलपणा धरून तयार माप 37 किंवा 38 होतं. कारागीर बदलला आणि 38 ला अंगाचं समजून त्याने पुन्हा सैलपणा धरला, की पुढचे सगळेच ब्लाऊज ढगळ. दोन्ही आकडे वेगळे लिहून घ्या. त्याखाली तारीख, ‘पाठ अर्धा इंच जास्त, उजवा खांदा अर्धा इंच खाली’ अशी ओळ, आणि ट्रायलनंतर जे उसवलं-दाबलं तेही. ही शेवटची नोंद वहीत क्वचितच चढते. दुरुस्ती कपड्यात होते आणि वही जुनीच राहते. पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

लग्नासाठी चार-पाच शिवायचे असतील, तर पहिला साध्या सुती कापडाचा, अस्तराशिवाय शिवून घ्या. कापड धरून साधारण 400 ते 500 रुपये जातील, पण तो ब्लाऊज घरात वापरला जातो. तो घालून बसून, हात वर करून बघा. बसला, की त्याचा कागदी फर्मा काढून ठेवायला सांगा आणि मगच पैठणीला कात्री लावू द्या. आतली माया दोन्ही बाजूंना किमान एक इंच सोडायला सांगा.

पुन्हा ऑर्डर देताना सगळं नव्याने मोजायची गरज नाही. खांदा आणि पाठीची लांबी सहसा लवकर बदलत नाही. छाती, कंबर आणि दंडघेर मात्र सहा महिने उलटले असतील किंवा वजन हललं असेल तर परत घ्यावं. बाळंतपणानंतर तर जुनं पान वापरूच नये.