पहिला पगार आणि मोबाईलमधली रोकडवही

ताईंनो, आपल्या एका सदस्य ताईंची लेक तालुक्याला दुकानात कामाला लागली. हातात पगार ११,५०० रुपये. तिला खर्च लिहायला मोबाईलवर अॅप हवं होतं, पण ताईंची एकच अट, "बँकेचं खातं कशाला जोडायचं नाही." अट बरोबरच आहे, आणि खातं न जोडताही काम होतं.

आम्ही प्ले स्टोअरवर बसून शोधलं. अॅपच्या पानावर About this app उघडलं की खाली App permissions दिसतं. तिथे SMS असेल तर ते अॅप आपले मेसेज वाचू शकतं. बँकेचे मेसेज, ओटीपी, सगळं त्यातच येतं. हाताने नोंद करायच्या अॅपला मेसेज लागतच नाहीत, म्हणून असं अॅप आम्ही सोडलं. कर्ज देऊ करणारंही सोडलं. (खर्च लिहायला गेलो आणि कर्ज घेऊन आलो, असं नको!) मग नेट बंद करून एक नोंद केली. ती जतन झाली, म्हणजे नेट नसतानाही ते चालतं.

अॅप उघडल्यावर मात्र 'Accounts' दिसलं आणि ताई घाबरल्या. ते खातं म्हणजे नुसतं नाव असतं. खाते नंबर, एटीएमचा नंबर काही द्यायचा नाही. आम्ही दोन नावं लिहिली, 'बँक' आणि 'रोख'. आपल्या गटाच्या रोकडवहीत बँक शिल्लक आणि हातातली शिल्लक वेगळी असते ना, तसंच.

पहिल्या आठवड्यात हिशोब चुकला. तिने एटीएममधून ३,००० काढले आणि ते खर्चात लिहिले. त्यातून खोलीभाडं २,००० दिलं, किराणा आणि एसटीला ६५० गेले, तेही खर्चात लिहिले. अॅप म्हणे खर्च ५,६५०, शिल्लक ५,८५०. प्रत्यक्षात बँकेत ८,५०० आणि पर्समध्ये ३५०, म्हणजे ८,८५०. बरोबर ३,००० चा फरक.

चूक आईनेच पकडली. "अगं, गटाचे पैसे बँकेतून काढले म्हणजे खर्च होतो का? ते फक्त बँकेतून पेटीत आले." अॅपमध्ये यासाठी Transfer असतं. बँकेतून रोखीत ३,००० असं लिहिलं की खर्च २,६५० च राहतो. म्हणून Transfer नसलेलं अॅप घेऊ नका. घरी पाठवलेले पैसे मात्र तिच्यासाठी खर्चच, ते Transfer मध्ये नको.

आता दर रविवारी ती पर्समधले पैसे मोजते. अॅपमधल्या 'रोख' शिल्लकेशी जुळले नाहीत तर काहीतरी लिहायचं राहिलंय, बहुतेक चहा किंवा रिक्षा.

एक गोष्ट राहिली. अशा अॅपमधली माहिती फक्त फोनमध्येच असेल, तर फोन हरवला की हिशोबही गेला. म्हणून पगाराच्या दिवशी Export दाबून ती फाईल आईच्या व्हॉट्सअॅपवर पाठवते. लेक खर्च किती करते हे आईला कळतं, यावर तिची अजून कुरकुर आहे.