घास घालायचा, पण मोजून

अगं, दोन गाई दावणीला आल्या आणि तुझी झोप उडाली, हे फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं. सरकी पेंडेचा भाव, त्यात कांद्याची लागण तोंडावर आणि दाजी म्हणतात, "घास लाव, पेंड वाचेल." बरोबर म्हणतात ते. पण लावायचा किती आणि घालायचा किती, ते तुलाच बघायचंय, कारण गव्हाणीत हात तुझा असतो. तेव्हा चहा घे आणि ऐक.

आधी एक शंका मिटवते. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं होतं, "लसूणघास खाल्ल्यावर दुधाला लसणाचा वास येईल का गं?" मला उत्तर येईना, मी दोन दिवस गुपचूप दूध हुंगत बसले! काही येत नाही. लसणाशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. जात मेथीच्या बाजूची, शेंगवर्गातली, म्हणून तर त्यात प्रथिनं जास्त.

आता तुझा हिशेब मांडू. दोन गाईंना रोज आठ-आठ किलो धर, म्हणजे सोळा किलो. एका कापणीला गुंठ्यामागे साधारण ८० ते १०० किलो हिरवा घास निघतो आणि तोच वाफा पुन्हा कापायला यायला २५ ते ३० दिवस लागतात. म्हणजे महिन्याला तुला पावणेपाचशे-पाचशे किलो लागणार. सहा गुंठे पुरेत. मी पहिल्या वर्षी हौसेने वीस गुंठे लावला होता बघ. एकटीने कापून कापून विळ्याने बोटं सोलली आणि निम्मा घास उभाच जून झाला.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कर. आपल्याकडे डिसेंबरला कांद्याची लागण सुरू झाली की तुला मजूर तर सोड, घरचं माणूसही मिळायचं नाही. जमीन निचऱ्याची हवी. चणकापूरच्या पाटाचं पाणी जिथे दोन-दोन दिवस साचून राहतं, त्या खोलगट तुकड्यात लावू नकोस, मुळं कुजतात. सहा गुंठ्यांना ट्रॉलीभर कुजलेलं शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेटची एक गोणी पेरणीआधी मातीत मिसळ. युरिया मात्र सुरुवातीला दोन-अडीच किलो, बास. पुढे नत्र घास मुळांवरच्या गाठींतून स्वतःच मिळवतो. त्यासाठीच बियाण्याला रायझोबियमचं संवर्धक चोळायचं, आणि तेही लसूणघासाचंच माग, हरभऱ्याचं चालत नाही.

बी गुंठ्याला पाव किलो, म्हणजे तुला दीड किलो पुरे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आर.एल. ८८ ही जात घे, नीट सांभाळली तर तीन वर्षं चालते. रात्रभर पाण्यात भिजव, सकाळी सावलीत सुकव, मग संवर्धक लाव आणि एका वितीच्या अंतरावर ओळीत पेर. अगदी उथळ, नखभर मातीखाली. बी बारीक असतं गं, खोल गेलं की वर येतच नाही.

आणि बाजारातलं सुटं स्वस्त बी घेऊ नकोस. मी घेतलं होतं. दुसऱ्या कापणीला बघते तर वाफ्यावर पिवळ्या शेवया सांडल्यासारखं काहीतरी! ती अमरवेल. तिचं बी घासाच्या बियात मिसळून येतं. उपटून बांधावर टाकली, तर तिथून परत आली. दिसली की त्या जागचा घास मुळासकट काढायचा आणि जाळायचा, बी धरायच्या आत.

पाण्याचं सांगते. पेरल्यावर हलकं पाणी, मग चार-पाच दिवसांनी दुसरं, म्हणजे कोंब कडक पापुद्र्याखाली अडकत नाहीत. पुढे हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्याने. कापलेल्या वाफ्याला पाणी द्यायचं, पण भर उन्हात तुंबवायचं नाही, संध्याकाळी हलकं दे. पानं पिवळी पडली म्हणून आणखी पाणी सोडू नकोस. आधी माती हातात घेऊन दाब, ओलीचिंब असेल तर पाणीच जास्त झालंय.

कापणीत सगळ्यांची घाई होते. पहिली कापणी ५० ते ६० दिवसांनी. नंतर दिवस मोजच, पण वाफ्यात बसून बूड फाकवूनही बघ. जमिनीलगत बोटाच्या पेराएवढे नवे कोंब दिसले, कुठे कुठे जांभळं फूल आलं, की विळा लाव. जमिनीपासून तीन-चार बोटं सोडून काप, ते कोंब छाटले गेले तर पुढचा घास लांबतो. दर वेळी कोवळाच कापत राहिलीस तर मुळातला साठा संपून रोपं विरळ होतात. सहा गुंठ्यांचे अठ्ठावीस छोटे वाफे पाड आणि रोज एकच काप, शेवटचा संपेपर्यंत पहिला तयार. पहिल्या फेरीत मात्र सगळे एकदम येतील, तेव्हा जास्तीचा घास सावलीत वाळवून ठेव. उन्हात वाळवला की पानं झडतात, आणि खरी प्रथिनं पानातच.

आता खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती घालण्याची. डिसेंबरातली सकाळ, दवाने भिजलेला कोवळा घास मी तसाच उपाशी गाईपुढे ओतला. हे कांदा घेऊन मार्केटला गेलेले. तासाभरात गाईची डावी कूस ढोलासारखी फुगली. बोटाने टिचकी मारली तर टणटण आवाज. गाय उठ-बस करायला लागली, जीभ बाहेर. पोटात वायूचा फेस होतो आणि ढेकर निघत नाही. मी डॉक्टरांना फोन केला, शेजारच्यांनी गाईचे पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी केली, तोंडात आडवी काठी बांधली, म्हणजे चघळत राहते. डॉक्टरांनी फेस मोडायचं औषध दिलं, वाचली. घाबरून नळीने तेल ओतायला जाऊ नकोस, फुप्फुसात गेलं तर दुसरंच दुखणं. अशा वेळी पहिला फोन डॉक्टरांना.

म्हणून माझ्या गोठ्यात नियम आहे. घास दव उडाल्यावर कापायचा, तीन-चार तास पसरून सुकवायचा. आधी गाईला सरमाड किंवा कडबा, मग मक्याच्या कुट्टीत मिसळून घास. हिरव्या चाऱ्यात एक वाटा घास तर दोन वाटे मका किंवा गवत. पहिल्या दिवशी दोन किलोपासून सुरू कर आणि आठवडा-दीड आठवड्यात आठ किलोवर ये. दहाच्या वर जाऊ नकोस, दूध कितीही असो.

पेंडेचं म्हणशील तर आठ किलो हिरव्या घासात कोरडा भाग दीड-पावणेदोन किलोच, बाकी पाणी. त्यातून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, वीस टक्के प्रथिनांच्या दीड किलो पशुखाद्याएवढी. पण एकदम दीड किलो खाद्य तोडू नकोस, आधी एक किलो कमी कर, आठवडाभर दूध आणि फॅट बघ, मग ठरव.

आणि ती तुझी बांडी गाय, फाल्गुनात व्यायची आहे ना? व्यायच्या आधीचे तीन आठवडे तिचा घास बंद. घासात कॅल्शियम आणि पोटॅश भरपूर. आयतं मिळत राहिलं की हाडातलं कॅल्शियम ओढून घ्यायची अंगाची सवय मोडते, आणि व्यायल्यावर दूध उतरलं की गाय थंड पडून बसते, तो मिल्क फीव्हर. तिला तेवढे दिवस सरमाड आणि मका, दुसरीला घास. दावणी वेगळ्या कर गं, नाहीतर ती शेजारणीच्या गव्हाणीत तोंड घालणारच. माझी घालायची.