विजेला चिकटलेल्या व्यक्तीस वाचवताना पहिली कृती

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे बेंगळुरूच्या कडुगोडी भागात, होप फार्म चौकाजवळ, पदपथावर तुटून पडलेल्या वीजवाहिनीवर एका महिलेचा पाय पडला. ती आणि तिच्या कडेवरील नऊ महिन्यांची मुलगी दगावली. त्यांना सोडवू पाहणारा तिचा पतीही भाजला. जिवलगाकडे हात आपोआप धावतो, परंतु त्या क्षणी हात आवरणे हीच पहिली कृती होय.

प्रवाह सुमारे १५ मिलिअँपिअरपेक्षा अधिक झाल्यास हाताचे स्नायू आकसतात व पकड सोडता येत नाही. त्या व्यक्तीस स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातूनही प्रवाह जमिनीकडे वाहू लागतो. काही अँपिअरचा फ्यूज एवढ्या प्रवाहाने वितळत नाही. म्हणून पुरवठा आपणच तोडावा लागतो.

विहिरीवरील पंपाचे उदाहरण घेऊ. शेतकरी स्टार्टरच्या पेटीला चिकटला आहे. अशा वेळी स्टार्टरचे लाल बटण दाबणे पुरेसे नाही. त्याने मोटर थांबते, पण स्टार्टरपर्यंत येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. मेन स्विचचा दांडा खाली ओढून बंद करावा. पेटी लोखंडी असल्यास तिच्यातही प्रवाह उतरलेला असू शकतो, म्हणून दांडा कोरड्या लाकडाने ढकलावा.

मेन स्विच हाताशी नसेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लांब काठीने किंवा पीव्हीसी पाइपने त्या व्यक्तीचा हात अथवा तार दूर सारावी. ओली काठी, हिरवा बांबू व लोखंडी पहार वापरू नये. हा उपाय केवळ २३० किंवा ४१५ व्होल्टच्या जोडणीपुरता आहे.

बेंगळुरूच्या घटनेतील वाहिनी ११ केव्हीची होती. अशा दाबापुढे कोरडे लाकूडही भरवशाचे नाही. तार पडलेल्या जागेभोवतीच्या जमिनीतही प्रवाह पसरतो. तेथे टाकलेल्या लांब पावलाच्या दोन टोकांमध्ये दाबाचा फरक पडून धक्का बसतो. म्हणून किमान १० मीटर दूर राहावे. आपण आधीच जवळ असल्यास दोन्ही पावले जोडून, जमिनीवरून न उचलता, छोट्या सरकत्या चालीने मागे यावे. १९१२ वर वीज कंपनीस ठिकाण कळवून पुरवठा बंद करण्यास सांगावे आणि लगेच ११२ वर कळवावे. तार शांत दिसली तरी उपकेंद्रातून पुरवठा पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यामुळे लाइनमनने तो बंद झाल्याचे सांगेपर्यंत कोणासही पुढे जाऊ देऊ नये. तार कोणत्या दाबाची आहे हे ओळखता येत नसेल, तर ती ११ केव्हीचीच समजावी.

पुरवठा तुटल्याची खात्री झाल्यावरच व्यक्तीस स्पर्श करावा. श्वास नसेल किंवा केवळ आचके येत असतील, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा व १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.