०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे?

प्रश्न : सोलापुरात आमचा टॉवेलचा कारखाना आहे. न्यू जर्सीच्या एका ग्राहकाने फोनवर बोलण्यासाठी 05/06/2026, 3 PM अशी वेळ कळवली. आम्ही ५ जून धरून बसलो आणि ते ६ मे रोजी वाट पाहत राहिले. पुढच्या खेपेला कॅलेंडरवर 14 May, 12:30 AM असे स्पष्ट दिसत होते. आम्ही १४ तारखेला रात्री जागलो, तर बोलणे आदल्याच रात्री व्हायचे होते! हे पुन्हा घडू नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या दोन चुकांची कारणे वेगवेगळी आहेत. पहिली आकड्यांच्या क्रमाची. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना. तारीख १३ किंवा पुढची असली की गोंधळ होत नाही, कारण तेरावा महिनाच नाही. पण प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखांत, 05/05 सारख्या जोड्या सोडल्या, तर अकरा दिवस दोन्ही प्रकारे वाचता येतात. म्हणजे वर्षाचे १३२ दिवस! आणि अशी चुकीची तारीखही खरीच तारीख असते, त्यामुळे वाचताना कुठेच खटकत नाही.

म्हणून महिना अक्षरांत लिहा आणि वारही लिहा. वार हा इथे साक्षीदार असतो. ६ मे २०२६ बुधवारी येतो, ५ जून शुक्रवारी. ग्राहकाने नुसते ‘बुधवार’ लिहिले असते, तरी ५ जूनशी तो जुळत नाही हे तुम्हाला लगेच दिसले असते. समोरून आकड्यांतच तारीख आली, तर उत्तर देताना ‘ठीक आहे’ एवढेच लिहू नका. तीच तारीख वारासकट अक्षरांत लिहून परत पाठवा. 2026-05-06 ही वर्ष-महिना-दिवस अशी आंतरराष्ट्रीय मानक पद्धतही आहे. फायलींना नाव देताना ती मला फार सोयीची वाटते, पण माणसाला पत्र लिहिताना May हा शब्दच बरा.

दुसरी चूक आपल्या बोलण्यातून येते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. बुधवारचे जेवण झाले, दिवे मालवले, साडेबारा वाजले, तरी आपल्या तोंडी ती ‘बुधवारची रात्र’च असते. पंचांगाचा वारही सूर्योदयालाच बदलतो. घड्याळ मात्र मध्यरात्रीच गुरुवारात गेलेले असते. १४ मे हा गुरुवार. त्याचे 12:30 AM म्हणजे आपल्या भाषेत बुधवारी रात्री साडेबारा. रात्री बारानंतर सुटणाऱ्या रेल्वेगाडीचे तिकीट काढताना हीच फसगत होते. तिकिटावर १४ तारीख आणि ००:३० असेल, तर १३ तारखेला रात्री जेवूनच स्टेशन गाठावे लागते.

त्यात बारा तासांच्या घड्याळाची अडचण वेगळीच. त्यात १२ हा आकडा १च्या आधी येतो : मध्यरात्री 12:00 AM, मग 12:59 AM, आणि त्यानंतर 1:00 AM. दुपारचे साडेबारा 12:30 PM होतात. एएम म्हणजे मध्यान्हापूर्वी, पीएम म्हणजे मध्यान्हानंतर. मग नेमके मध्यान्ह कशात बसवायचे, हा प्रश्न उरतोच. चोवीस तासांच्या घड्याळात 00:30 आणि 12:30 यांत गल्लत होत नाही. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये तेच घड्याळ निवडा.

आता तुमचाच फोन मांडून पाहू. मे महिन्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे बुधवारी दुपारचे तीन, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, तारीख पुढची. मग पहिल्या फोनचे उत्तर असे जायला हवे होते :

```
Wed, 6 May 2026, 15:00 New Jersey
Thu, 7 May 2026, 00:30 India
```

दोन ओळी, दोन ठिकाणांच्या वेळा. दुसऱ्या ओळीत मुद्दाम India लिहिले आहे, कारण IST ही अक्षरे इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेसाठीही वापरतात. स्वतःच्या भिंतीवर मात्र मराठीत लिहा : ‘बुधवारी रात्री जागायचे, साडेबाराला फोन.’

दर बुधवारी बोलायचे ठरले असेल, तर एक खबरदारी घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात. २०२६ मध्ये तो रविवार १ तारखेला आहे. त्यानंतर फरक साडेदहा तासांचा होईल आणि त्यांच्या दुपारी तीनला आपल्याकडे रात्रीचा दीड वाजेल. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो पुन्हा साडेनऊवर येतो. तेव्हा ४ नोव्हेंबरच्या फोनची वेळ ग्राहकाला आत्ताच विचारून ठेवा.