मुलांचं मेनूकार्ड लिहिताना

बाळा, मुलांसाठी वेगळं पान काढतोयस ते फार बरं केलंस. छापायला टाकायच्या आधी आत्याचं एवढं ऐक.

१. नुसतं 'लहान प्लेट' लिहू नकोस, वाटीचं माप दे : 'वरण-भात : एक वाटी भात, अर्धी वाटी वरण, चमचाभर तूप' – म्हणजे दोघा भावंडांत एक पुरेल की दोन मागवायच्या, हे आईला बसल्या जागी ठरवता येतं.

२. 'कमी तिखट' आणि 'मिरची नाही' वेगवेगळं लिही – फोडणीतली मिरची नंतर वेचून काढली तरी तिखट तेलात उतरलेलंच असतं.

३. ॲलर्जीची नोंद पदार्थाचं नाव बघून करू नकोस, स्वयंपाक्याशेजारी उभं राहून काय काय पडतं ते लिहून घे. आपल्याकडे शेंगदाणा साबुदाण्याच्या खिचडीत दिसतो, पण कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात आणि मिसळीच्या फरसाणात तो लपून बसतो – आणि काकडीची कोशिंबीर मागवताना दाण्याचं कूट कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून प्रत्येक पदार्थाखाली शब्दांत लिही : 'यात आहे : शेंगदाणा, दूध.'

४. वरण-भातात गहू नाही असं छातीठोक लिहिण्याआधी हिंगाची डबी वाच – बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, आणि गहू न चालणाऱ्या मुलाला तेवढाही बाधू शकतो.

५. कूट वरून काढता येतं, भांड्यातून निघत नाही. दाण्याची चटणी आणि मुलांचा पदार्थ एकाच मिक्सरच्या भांड्यात वाटत असशील, शेंगदाणे तळलेल्या तेलातच बटाट्याचे काप सोडत असशील, तर तसं सरळ छाप – पदार्थात दाणा नसला तरी त्याचा अंश आलेला असतो.

६. वर्षाच्या आतल्या बाळाच्या कुठल्याही पदार्थात मध नको – त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

७. उंच खुर्चीबद्दल लिही : 'आधाराशिवाय बसणाऱ्या बाळांसाठी, साधारण ६ महिन्यांपुढे.' खुर्च्या किती आहेत आणि किती वजनापर्यंत चालतात, तेही दे – आधी फोन करणाऱ्या आईबापांना नेमकं हेच विचारायचं असतं. मांड्यांमधला पट्टा तुटलेली खुर्ची बाहेर काढूच नकोस, बाळ खालून घसरतं. खुर्ची ठेवताना टेबलापासून इतकी लांब ठेव की पाय टेकणार नाहीत – पायाने रेटा दिला की खुर्ची मागे उलटते.

८. पानाच्या तळाशी ठळक छाप : 'ॲलर्जी असल्यास ऑर्डर देण्याआधी सांगा' – आणि वाढप्यांना बजाव, ठाऊक नसेल तर अंदाजाने 'नाही हो, काही नसतं' म्हणायचं नाही, आत जाऊन विचारून यायचं. एवढं करूनही एखाद्या मुलाचे ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.