कॉलरखाली पाठीवर झोळ का येतो?

प्रश्न : मी छत्तीस छातीच्या तयार पेपर पॅटर्नवरून स्टँड कॉलरचे ब्लाउज शिवते. छाती, कंबर, बाही सगळे नीट बसते, पण मागे कॉलरच्या खाली आडवी वळी पडते. मागचा गळा अर्धा इंच खोल करून पाहिला. वळी कमी झाली, पण आता कॉलर मानेपासून सुटून उभी राहते. चूक कुठे होते आहे? — एक वाचक, सातारा

उत्तर : चूक गळ्याची नाही, बहुधा पाठीच्या लांबीची आहे. पॅटर्न काढताना पाठीला थोडा बाक धरलेला असतो. तुमची पाठ ताठ असेल, तर मान ते खांद्याची पाती एवढ्या भागात कापड जास्त होते. ते खाली सरकू शकत नाही, कारण ब्लाउज छातीला घट्ट आहे, म्हणून कॉलरखाली गोळा होते. गळा खोल केल्यावर त्यातले थोडे कापड कापले गेले, पण गळ्याचा घेरही वाढला आणि मानेपेक्षा मोठा झाला. दुसरा दोष त्यातून आला.

कात्री लावण्याआधी एक परीक्षा करा. मूळ पॅटर्नवरून मांजरपाटाची पाठ आणि पुढचे भाग कापून कच्च्या टाक्यांनी जोडा. अंगात घालून खांद्याची शिवण मुंढ्याच्या टोकाकडून दोन इंच उसवा. वळी लगेच विरघळली आणि शिवण उघडून फाकली, तर तुमचे खांदे चौकोनी आहेत. मग शिवण जितकी फाकली त्याच्या निम्मे पाठीच्या आणि निम्मे पुढच्या भागाच्या खांद्याचे टोक उचलायचे आणि दोन्हीकडे मुंढ्याचा तळही तेवढाच वर घ्यायचा. पाठीच्या लांबीला हात लावायचा नाही.

वळी तशीच राहिली, तर खांदा पुन्हा जोडा आणि कुणाला तरी ती वळी चिमटीत धरून आडवी टाचायला सांगा. मध्यावर सर्वांत जास्त, मुंढ्यापाशी शून्य. समजा, चिमटीची उंची पाव इंच भरली. कापड दुहेरी धरले जाते, म्हणजे काढायची लांबी अर्धा इंच. इथेच पुष्कळजणी पाव इंच काढतात आणि अर्धी वळी शिल्लक राहते.

आता पेपरवर पाठीच्या मध्यरेषेवर, गळ्यापासून दोन इंच खाली, मुंढ्यापर्यंत काटकोनात रेघ ओढा. त्या रेघेवर मध्यभागी अर्ध्या इंचाची, मुंढ्याकडे शून्य होत जाणारी घडी घालून चिकटवा. मुंढ्याची लांबी बदलत नाही, त्यामुळे बाही तीच चालते. मात्र वरचा तुकडा किंचित फिरतो आणि गळ्यापाशी मध्यरेषा जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बाहेर झुकते. पट्टी ठेवून गळ्यापासून कमरेपर्यंत रेघ सरळ करा आणि बाहेर आलेला तुकडा कापून टाका. पाठ घडीवर कापायची असेल, तर हे टाळताच येत नाही. यामुळे मागचा गळा दोन्ही बाजू मिळून दोन सूत लहान होतो. गळ्याची गोलाई पुन्हा रेखून, टीप पडणार त्या रेघेवर टेप उभी धरून मोजा आणि कॉलर त्या मापाची नव्याने कापा. जुनी कॉलर ओढूनताणून बसवली, तर ती पुन्हा उभी राहील. अस्तरालाही हीच घडी घाला.

एक गोष्ट जपा. हाच उपाय बाकदार पाठीला केला, तर ब्लाउज बिघडतो. तिथेही कॉलर मानेपासून सुटते, पण कारण उलटे असते: कापड कमी पडते. ओळखायला बाजूने पाहा. ताठ पाठीत कॉलरखाली आडवी वळी असते. बाकदार पाठीत वळी नसते. पात्यांवर कापड ताणलेले असते, कॉलर मागे ओढली जाते आणि पाठीचा खालचा काठ वर चढतो. अशा वेळी पात्यांच्या उंचीवर मध्यापासून मुंढ्याकडे कापून मध्यभागी गरजेइतके उघडायचे. मध्यरेषा सरळ करताना गळ्याला जी रुंदी वाढते, ती मागच्या गळ्यात दोन छोटे टक घेऊन संपवायची, प्रत्येकी सुमारे तीन इंच लांब, टोक पात्यांच्या दिशेने. ते टकच बाकाला जागा करून देतात. गळा नुसता आवळला, तर ती जागा मिळत नाही.

तुम्ही वळीचा उल्लेख केला आहे, म्हणून तुमची पाठ ताठ किंवा खांदे चौकोनी, यांपैकी एक. ज्या पॅटर्नचा गळा खोल केलात, तो मात्र बाजूला ठेवा आणि मूळ कागदावरूनच सुरुवात करा.