९९३ की ९९५? पोर्ट नंबर डोक्यात पक्के बसवायची पद्धत



मागच्या व्हिडिओत ऑफिसांच्या कॉम्प्युटर देखभालीचं काम, म्हणजे एएमसी, कसं मिळवायचं ते बघितलं. त्यात मी म्हटलं होतं की सिक्युरिटीचं एखादं प्रमाणपत्र हातात असेल तर मोठा ग्राहक तुमचं कोटेशन निदान वाचतो तरी. तेव्हापासून एकच प्रश्न जास्त येतोय: "सर, कन्सेप्ट समजतात, पण ते पोर्ट नंबर आणि शॉर्टफॉर्म लक्षात राहत नाहीत." म्हणून आज फक्त तेवढंच. उदाहरण घेतोय कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लस परीक्षेचं. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मापावर ७५० ला पास. नापास झालात तर पुढच्या वेळी फी परत पूर्ण भरायची. धंदा सुरू करताना तो खर्च परवडत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या बॅचमधले एक गृहस्थ होते, हार्डवेअरचं काम करणारे. त्यांनी चाळीसेक पोर्टचा तक्ता प्रिंट काढून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. २१ पासून सुरू केलं की ३३८९ पर्यंत न अडखळता म्हणायचे, पाढ्यांसारखे. मग सराव परीक्षेत प्रश्न आला: कर्मचाऱ्यांना ऑफिसचा मेल फोनवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे वाचायचाय, मेल सर्व्हरवरच राहिले पाहिजेत आणि वाहतूक एन्क्रिप्टेड हवी, फायरवॉलमध्ये कोणता पोर्ट उघडाल? त्यांनी लिहिलं ९९५. उत्तर होतं ९९३.

त्यांचं पाठांतर कच्चं नव्हतं, ते चुकीच्या दिशेनं झालं होतं. ओळीनं म्हटलेल्या यादीत प्रत्येक नंबरला त्याच्या आधीचा नंबर आठवण करून देतो. मधूनच एक विचारला तर तो आधार जातो. शिवाय तक्ता समोर असला की डोळ्यांना ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो की आलं. ओळखणं वेगळं, न बघता काढून देणं वेगळं. आणि परीक्षेत तर नंबर विचारतच नाहीत, प्रसंग विचारतात.

आता कार्ड कसं लिहायचं ते या मेलच्याच उदाहरणावर बघू. मेल वाचायचे दोन प्रोटोकॉल. पॉप३ मेल साधारणपणे तुमच्या मशीनवर उतरवून घेतो, त्याचा साधा पोर्ट ११० आणि एन्क्रिप्टेड ९९५. आयमॅप मेल सर्व्हरवरच ठेवतो, त्याचा साधा पोर्ट १४३ आणि एन्क्रिप्टेड ९९३. गंमत बघा, साध्या जोडीत पॉपचा नंबर लहान आहे आणि एन्क्रिप्टेड जोडीत पॉपचाच मोठा. इथेच सगळे घसरतात. हे चारही एका कार्डावर लिहिलं तर तीन बरोबर आणि एक चूक येतं, आणि आपण स्वतःला "जवळजवळ बरोबर" म्हणून सोडून देतो. म्हणून एका कार्डावर एकच गोष्ट.

त्या गृहस्थांकडून आम्ही आयमॅपसाठी तीन कार्डं लिहून घेतली. पहिल्याच्या पुढे "आयमॅप, एन्क्रिप्टेड" आणि मागे "९९३". दुसऱ्याच्या पुढे "९९३" आणि मागे "आयमॅप, टीएलएसवर". तिसऱ्यावर प्रसंग: "मेल सर्व्हरवरच राहावा, तीन उपकरणांवर दिसावा, कोणी मध्ये वाचू नये." मागे नंबर आणि एक ओळीत कारण. पहिली दोन येऊन तिसरं चुकत असेल तर समजायचं की नंबर पाठ झालाय, प्रोटोकॉल समजलेला नाही. मग पुन्हा घोकण्यात अर्थ नाही, पॉप आणि आयमॅपमधला फरक परत वाचायचा.

आता ही कार्डं कधी बघायची? सेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये एक साधी पद्धत मांडली, ती मला अजूनही आवडते. बुटांचा खोका घ्या, पाच कप्पे करा. लाइटनरच्या मूळ कप्प्यांना तारखा नव्हत्या, पण आपल्या सोयीसाठी पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने असं ठेवा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. "अर्धं आलं होतं" म्हणून मधल्या कप्प्यात ठेवायचं नाही. मोबाईलवर अँकी हे ॲप हेच काम स्वतः हिशोब ठेवून करतं. दुकानात बसून करायचं असेल तर ॲप सोयीचं, पण कार्डं स्वतः लिहा. दुसऱ्याची तयार गड्डी उतरवून घेतली की अर्धी मेहनत वाचते आणि अर्धी आठवणही.

रोज नवीन कार्डं किती? सहा, जास्त नाही. एक कार्ड पाचही कप्प्यांतून बाहेर पडेपर्यंत पाच-सहा वेळा समोर येतं. म्हणजे रोज सहा नवीन घेतली तर दोन महिन्यांनी रोजची उजळणी तीस-पस्तीस कार्डांवर जाते, चुका धरून थोडी जास्त. ती पंधरा मिनिटांत होते. पहिल्या दिवशी जोशात चाळीस घातली तर काही दिवसांनी एकदम डोंगर समोर येतो आणि खोका माळ्यावर जातो. लग्नसराईत, दिवाळीत खंड पडणारच. परत आलात की आधी साचलेली संपवा, तोपर्यंत नवीन बंद.

आता प्रॅक्टिकल. नुसता आकडा निसटतो, पण तो स्वतःच्या मशीनवर बघितला की त्याला काहीतरी चिकटतं. विंडोजवर पॉवरशेल उघडा आणि हे टाका:

```
Test-NetConnection imap.gmail.com -Port 993
Test-NetConnection imap.gmail.com -Port 143
```

पहिल्याला शेवटी `TcpTestSucceeded : True` दिसेल. दुसऱ्याला थोडं थांबून `False` येईल, कारण जीमेल साध्या आयमॅपचं दार उघडं ठेवतच नाही. मग `pop.gmail.com` वर ९९५ आणि ११० करून बघा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी चालणारा पोर्ट तपासा. तोही `False` आला तर दोष बहुधा तुमच्या इंटरनेटचा किंवा ऑफिसच्या फायरवॉलचा असतो. `False` फक्त जोडणी झाली नाही एवढंच सांगतो, कोणी अडवली ते नाही.

दुसरा प्रयोग स्वतःच्या लॅपटॉपवर:

```
netstat -an | findstr LISTENING
```

यादीत कोणी कुठल्या दारावर कान लावून बसलंय ते दिसतं. बहुतेक विंडोजवर `0.0.0.0:445` सापडेल. ४४५ म्हणजे एसएमबी, आपलं रोजचं फाइल आणि प्रिंटर शेअरिंग. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरस याच दारातून जगभर पसरलं होतं. ते आपल्याही मशीनवर उघडं दिसलं की ४४५ विसरायला होत नाही. विंडोज प्रो असेल तर सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉप सुरू करा आणि तीच ओळ पुन्हा चालवा. ३३८९ हजर. बंद करा, पुन्हा चालवा, ३३८९ गायब. होम आवृत्तीत ही सोय नाही. झाल्यावर बंद करायला मात्र विसरू नका.

या पहिल्या चाचणीची एक मर्यादा आहे: ती फक्त टीसीपी तपासते. डीएचसीपी युडीपीवर चालतं, तिथे वायरशार्क लागतो. तो सुरू करून वरच्या फिल्टरमध्ये `dhcp` लिहा, मग कमांड प्रॉम्प्टवर:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

क्षणभर नेट जाईल, म्हणून चालू कॉलमध्ये करू नका. नंतर डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक असे चार संदेश दिसतील. कुठलाही रिक्वेस्ट उघडून बघा: तुमचं मशीन ६८ वरून बोलतंय आणि सर्व्हरच्या ६७ ला. ६७-६८ ची अदलाबदल करणारे एकदा हे बघितल्यावर सहसा चुकत नाहीत. बाकी हे सगळं स्वतःच्या मशीनवर आणि स्वतःच्या राउटरवर. ग्राहकाच्या नेटवर्कवर पोर्ट तपासायचे तर आधी लेखी परवानगी, ओळख कितीही जुनी असली तरी.

शॉर्टफॉर्मचं दुखणं थोडं निराळं आहे. पोर्टमध्ये वेगवेगळे आकडे एकसारखे वाटतात, इथे एकाच शॉर्टफॉर्मचे अनेक अर्थ असतात. मॅक घ्या. नेटवर्क कार्डाचा पत्ता सांगताना तो मीडिया ॲक्सेस कंट्रोल. कोणाला कुठली फाइल दिसावी ते गोपनीयतेच्या श्रेणीवरून ठरतं तेव्हा मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल. आणि संदेशात मध्येच कोणी बदल केला का ते तपासताना मेसेज ऑथेंटिकेशन कोड. "मॅक म्हणजे काय?" हे कार्डच चुकीचं, कारण त्याला एक उत्तर नाही. इथे कार्डाच्या पुढे नेहमी संदर्भ लिहायचा, आणि तिन्हीची कार्डं वेगळी.

काही शॉर्टफॉर्म लांब रूप पाठ करून उपयोगच नाही, हिशोब करूनच कळतात. आरपीओ आणि आरटीओ बघा (हे आरटीओ लायसन्सवालं नव्हे!). समजा तुमच्या ग्राहकाच्या दुकानात टॅलीचा बॅकअप रोज रात्री दहाला होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला हार्ड डिस्क गेली. अठरा तासांच्या नोंदी गेल्या. जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, ती मर्यादा म्हणजे आरपीओ. मालक म्हणाला, दोन तासांपेक्षा जास्त नोंदी जाता कामा नयेत, तर रात्रीचा एक बॅकअप पुरत नाही, दर दोन तासांनी घ्यावा लागेल. आणि बिलिंग परत सुरू व्हायला जास्तीत जास्त किती वेळ लागला तर चालेल, ते आरटीओ. या दोन्हीची कार्डं मी अशीच लिहायला सांगतो: पुढे दुकान, वेळ आणि बिघाड, मागे कुठली मर्यादा मोडली ते.

एखादं कार्ड सारखं पहिल्या कप्प्यात परत येत असेल तर त्याला आणखी घोकू नका. सहा-सात वेळा चुकलेलं कार्ड फाडा आणि नव्याने लिहा. त्या गृहस्थांचं असं अडलेलं कार्ड होतं एसएमटीपीचं, कारण त्यांनी एकावरच २५, ४६५ आणि ५८७ लिहिले होते. आम्ही त्याची तीन केली. २५ हा एका मेल सर्व्हरने दुसऱ्याला मेल द्यायचा. ५८७ हा आपल्या आउटलुकने किंवा स्कॅनरने मेल पाठवायचा, जिथे जोडणी साधी सुरू होऊन स्टार्टटीएलएसने एन्क्रिप्ट होते. ४६५ सुद्धा पाठवण्याचाच, पण तिथे पहिल्या बाइटपासून टीएलएस. त्याच आठवड्यात एका ग्राहकाचं स्कॅन-टू-ईमेल बंद पडलं होतं. मशीनमध्ये पोर्ट २५ भरलेला, आणि इंटरनेट कंपनीने तो बाहेर जायला अडवलेला. यांनी ५८७ टाकला, टीएलएस सुरू केलं, युजरनेम-पासवर्ड भरला, आणि मेल गेला. ते कार्ड परत पहिल्या कप्प्यात आलं नाही.

पुढच्या व्हिडिओत याच ग्राहकाच्या ऑफिसचं फायरवॉल सेटिंग स्क्रीनवर उघडून दाखवतो. तोपर्यंत मेलचे सात पोर्ट, म्हणजे एकवीस कार्डं, लिहून ठेवा.